सहाचे पॅनेल, पाचाचा इन्व्हर्टर

आमच्या नेरुळच्या गच्चीवर पॅनेल सहा किलोवॉटचे आणि इन्व्हर्टर पाचाचा! शेजारचे अप्पा हळहळले, "एक किलोवॉट फुकट गेला की हो!" तसे नाही, अप्पा. पॅनेलवरचा आकडा २५ अंशांवर मोजलेला असतो. इथल्या उन्हात ते ६० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्का शक्ती घटते. सहाचे सव्वापाच तिथेच झाले. धूळ आपला वाटा घेते तो निराळाच. भर दुपारी आलेखाचा माथा सपाट दिसला, तर तेवढीच वीज कापली गेली समजावे. सकाळ-संध्याकाळी आणि ढगाळ दिवसांत मात्र पाचाच्या पॅनेलपेक्षा पाचवा हिस्सा अधिक मिळतो. जपायचे ते व्होल्टेजला. एकाच माळेत जादा पॅनेल ओवले आणि थंड सकाळी व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढले, तर इन्व्हर्टरच जळायचा.