घरच्या ऑक्सिजन यंत्राचा वीजहिशेब

राज्यात जुने वीज मीटर काढून टीओडी मीटर बसवले जात आहेत. घराचा वीजवापर त्यामुळे महावितरणच्या अ‍ॅपवर पाहता येतो. मात्र हा आकडा अख्ख्या घराचा असतो. त्यात फ्रीज किती आणि पंखा किती, हे कळत नाही. ज्या घरात सीओपीडीचा रुग्ण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे, तिथे नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अशा रुग्णांना बहुधा दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा लागतो. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ साथ देईल, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

यासाठी वीज मोजणारा स्मार्ट प्लग उपयोगी पडतो. तो सॉकेटमध्ये बसवायचा आणि यंत्राची पिन त्यात लावायची. सुरुवातीला प्लग स्वतःचे छोटे वाय-फाय सुरू करतो. अ‍ॅप त्याला जोडले जाते आणि घरच्या वाय-फायचे नाव व पासवर्ड त्याला देते. जोडणी सहसा इथेच अडते. बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तर फोन अनेकदा ५ गिगाहर्ट्झवर असतो. फोनने 'लोकल नेटवर्क'ची परवानगी नाकारली असेल, तरीही अ‍ॅपला प्लग सापडत नाही. एकदा जोडणी झाली की काही प्लग इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात आकडे दाखवतात. काहींना मात्र कंपनीच्या सर्व्हरवाचून चालत नाही. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

आता हिशेब करू. समजा, पाच लिटरचे यंत्र सरासरी ३२० वॉट वीज घेते. कॉम्प्रेसर आणि झडपांच्या आवर्तनाबरोबर पडद्यावरचा आकडा खाली-वर होत राहतो. म्हणून क्षणाचा आकडा धरू नये, दिवसभराची युनिट पाहावीत. १५ तासांना ४.८ युनिट, म्हणजे महिन्याला १४४ युनिट होतात. घरात इन्व्हर्टरला १२ व्होल्टची, १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी आहे. कागदावर ती १८०० वॉट-अवर देते. इन्व्हर्टरमधला तोटा आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर साधारण ६० टक्के म्हणजे १०८० वॉट-अवर हाती राहतात. त्यावर एकटे यंत्र सव्वातीन तासांहून थोडे जास्त चालेल. ७५ वॉटचा पंखाही सुरू ठेवला, तर पावणेतीन तासच. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. लोडशेडिंग सहा तासांचे असेल, तर घरात ऑक्सिजनचा सिलिंडर हवाच. १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या वेगाने साडेबारा तास पुरतो.

इन्व्हर्टर निवडताना केवळ वॉट पाहून चालत नाही. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षणिक झटका नेहमीच्या भारापेक्षा बराच मोठा असतो, आणि काही सेकंदांनी एकदा नोंद घेणाऱ्या प्लगला तो दिसतोच असे नाही. त्यामुळे साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा आणि त्याची क्षमता यंत्राच्या माहितीपत्रकावरून ठरवावी.

दोन-तीन दिवसांची नोंद झाली की प्लग काढून यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावावे. या सल्ल्यामागे ठोस कारण आहे. अ‍ॅपमधले एक बटण चुकून दाबले गेले, तर दुसऱ्या गावी असलेल्या मुलाकडूनही यंत्र बंद पडू शकते. वीज परत आल्यावर प्लगने काय करायचे, याची वेगळी सेटिंग असते. ती 'बंद' अशी राहिली असेल, तर वीज येऊनही यंत्र सुरू होत नाही. रुग्ण झोपेत असेल तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

प्लगला धोक्याची घंटा समजणेही चूक ठरेल. वीज गेली की प्लग बंद पडतो, बहुधा राउटरही. मग अ‍ॅपवर केवळ 'ऑफलाइन' दिसते. वाय-फाय बिघडले तरी हेच दिसते. त्याहून मोठी मर्यादा अशी, की ३२० वॉटचा आकडा ऑक्सिजनच्या शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही. यंत्रातला नायट्रोजन शोषणारा झिओलाइट ओलावा व वापराने निकामी होतो, पण कॉम्प्रेसर पूर्वीइतकीच वीज घेत राहतो. नळीतून वारा येतो, ऑक्सिजन मात्र कमी असतो. ते कळते यंत्रावरच्या शुद्धतेच्या दिव्याने, तंत्रज्ञाच्या तपासणीने आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरने. रुग्णाचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या पातळीखाली गेले, तर अ‍ॅप काय दाखवते हे पाहत बसू नये. सिलिंडर लावावा आणि डॉक्टरांना फोन करावा.