पोथी वाचा, पण पत्र लिहू नका

आमच्याकडे मुलीचं लग्न जमायला उशीर झाला की कुणीतरी काकू रुक्मिणी स्वयंवराची पोथी आणून देते. रोज एक प्रसंग वाच, म्हणते, अठरा प्रसंग आहेत, पारायण झालं की स्थळ चालून येतं. डोंगरकड्यात माझ्या वयाच्या निदान चार पोरींना मी ही पोथी वाचताना पाहिलं आहे. एकनाथांनी ती १५७१ साली काशीत पूर्ण केली, पण एकनाथ पैठणचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचेच. साडेचारशे वर्षं आपल्या मुली ही पोथी वाचतायत. आणि एवढ्या वर्षांत पोथी हातात देणाऱ्या कुणालाही हे खटकलेलं दिसत नाही, की ही गोष्ट चालून आलेल्या स्थळाला नकार देऊन स्वतः दुसऱ्याला विचारणाऱ्या मुलीची आहे.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी एकदा नीट बघू. विदर्भाच्या कुंडिनपूरची राजकन्या रुक्मिणी. घरच्यांना जावई म्हणून कृष्ण चालला असता, पण मोठा भाऊ रुक्मी आडवा आला. त्यानं शिशुपालाशी लग्न ठरवलं आणि लेकाच्या प्रेमापोटी बापानं मान डोलावली. (हे घर ओळखीचं वाटत असेल, तर तो योगायोग नाही.) मग रुक्मिणीनं एका विश्वासू ब्राह्मणाला द्वारकेला पाठवलं. भागवताच्या दहाव्या स्कंधात हा निरोप सात श्लोकांचा आहे.

हे सात श्लोक मी सॉफ्टवेअरवालीच्या डोळ्यांनी वाचले आणि थक्क झाले. त्यात लाजणं-बिजणं नाही. मी तुझ्याबद्दल ऐकलं, माझं मन तुझ्यावर बसलं, मी तुला वरलं आहे, असं ती आधी सरळ सांगते. मग मुदत देते, की लग्न अमक्या दिवशी आहे, त्याच्या आत ये. सैन्य घेऊन ये, हेही सांगते. आणि सहाव्या श्लोकात तर कमाल करते. ती म्हणते, तुला प्रश्न पडेल की मी अंतःपुरात असताना माझ्या नातेवाइकांना न मारता मला कसं न्यायचं. तर लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला गावाबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात, तिथं मला गाठ. समोरच्याला कोणती अडचण दिसेल याचा आधीच विचार करून तिचं उत्तर निरोपातच देऊन ठेवलं आहे. आमच्या ऑफिसात इतकं स्वच्छ डॉक्युमेंट लिहिणारे फार नाहीत.

सातवा श्लोक मात्र मी कुठल्याही मुलीला उचलू देणार नाही. त्यात ती म्हणते, तू आला नाहीस तर मी जीव देईन. पुराणात ठीक आहे. आज कुणी असं लिहिलं, मुलानं लिहिलं काय किंवा मुलीनं, तर ते विचारणं राहत नाही, ती धमकी होते. ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याला तुम्ही प्रश्न विचारलेलाच नसतो.

आता आपल्या मुख्य भांडणाकडे येऊ. ‘आपल्यात मुलगाच पुढाकार घेतो’ असं लोक ठासून सांगतात. हे खोटं आहे. आपल्यात पुढाकार नेहमी मुलीकडचेच घेतात. बायोडेटा घेऊन हिंडतो तो मुलीचा बाप. सोयरिकीसाठी चपला झिजतात त्या त्याच्या. “पोरगी हाय बघा, काही असलं तर सांगा,” हे वाक्य एसटीत, लग्नाच्या पंगतीत, मयतीच्या ठिकाणीसुद्धा बोललं जातं आणि बोलणारा मुलीकडचाच असतो. मुलाकडचे बसलेले असतात. ते येतात, पोहे खातात, ‘कळवतो’ म्हणून जातात. आमच्या भागात केळीचा व्यापारी मळ्यात येऊन घड बघतो, बोटानं दाबून पाहतो आणि दर नंतर सांगतो, तसंच.

म्हणजे मुलीच्या बाजूनं सुरुवात होण्यावर बंदी नाहीच. बंदी आहे ती त्या सुरुवातीवर मुलीची सही असण्यावर. बाप विचारतो तेव्हा ती जबाबदारी असते, मामा विचारतो तेव्हा मदत असते आणि तीच मुलगी तोच प्रश्न त्याच मुलाला विचारते, तेव्हा ‘पोरगी लय पुढं गेली’.

याची परीक्षा कुणालाही घरी घेता येते. आपला बायोडेटा उघडून शेवटची ओळ बघा. उंची आहे, रास आहे, देवक आहे, मामाकुळ आहे, नातेसंबंधात आडनावांची रांग आहे आणि खाली ‘संपर्क’ म्हणून वडिलांचा, काकांचा, मामाचा नंबर. ज्या बाईविषयी हा कागद आहे, तिचा नंबर त्यावर नसतो. मी गेल्या वर्षी त्या ओळीत वडिलांच्या वर माझा नंबर टाकला. माझं म्हणणं साधं होतं, की पगार किती, पुणे सोडणार का, हे प्रश्न मलाच विचारायचे आहेत तर मध्ये निरोप्या कशाला? पहिल्या महिन्यात आलेल्या फोनांपैकी बहुतेकांनी माझा आवाज ऐकून एकच वाक्य म्हटलं, “घरातल्या मोठ्या माणसाला द्या.” दोघांनी तर पप्पांना वेगळा फोन करून विचारलं, “कामून हो, घरात कुणी बोलायला नाही का?” पप्पांनी उत्तर दिलं, “आहे की, तीच बोलली ना तुमच्याशी.” ते वाक्य त्यांनी स्वतःचं स्वतः काढलं. मी शिकवलं नव्हतं.

उलट बाजू बघा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला होता. मुलींचा जन्मदर घसरल्यामुळे नवऱ्या मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना हसणार नाही. पण शंभर मुली मुंडावळ्या बांधून ‘आम्हाला नवरा पाहिजे’ म्हणत रस्त्यावर आल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत त्यांच्याविषयी काय काय बोललं गेलं असतं, याची तुम्ही कल्पना करा. त्या मुलांना बाकी काही सोसावं लागलं असेल, पण त्यांच्या चारित्र्यावर कुणी गेलं नाही.

खरी अडचण इथं आहे. मुलानं विचारलं आणि नकार आला, तर त्याला नकार मिळतो. मुलीनं विचारलं आणि नकार आला, तर तिला नकार मिळतो आणि वर तिनं विचारलं होतं याचा पुरावा कुणाच्या तरी फोनमध्ये राहतो. नकार आठ दिवसांत पचतो, पुरावा नाही.

अ‍ॅपवाल्यांना वाटलं, हे बटणानं सुटेल. बंबल २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झालं ते याच नियमावर. जोडी जुळली की पहिला मेसेज बाईनंच करायचा, चोवीस तासांत केला नाही तर जोडी रद्द. २०१८ च्या शेवटी ते भारतात आलं. २०२४ मध्ये त्यांनीच नियम सैल केला. आता बाई एक प्रश्न आधीच लावून ठेवू शकते आणि पुरुष त्याला उत्तर देऊन सुरुवात करू शकतो. कारण पहिला मेसेज करणं हे अनेकींना ओझं वाटू लागलं होतं. मला यात नवल वाटत नाही. अ‍ॅपनं काम बाईकडे दिलं, पण त्या कामाची किंमत कमी केली नाही. आणि शहरातल्या अनोळखी माणसांत ती किंमत निदान मर्यादित असते. कळमनुरी तालुक्यात दोन माणसांच्या मध्ये फार तर दोन नातेवाईक असतात.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते. ती अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करायची. तिथल्याच एका मुलाला तिनं रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, की मला तू आवडतोस, तुझ्या मनात तसं काही असेल तर घरी बोलू, नसेल तर तसं सांग, मी परत विचारणार नाही. मेसेजमध्ये दोष काढण्यासारखं काही नाही. त्यानं उत्तर दिलं नाही. स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणाऱ्या इमोजी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या चुलतभावापर्यंत पोचला होता.

तिनं पुढं जे केलं ते मी आता प्रत्येकीला सांगते. अभ्यासिकेतल्या मैत्रिणीकडून तिला सकाळीच कळलं होतं, की फोटो फिरतोय. ती लगेच घरी गेली, आईला बसवलं आणि आपला मेसेज शब्दशः वाचून दाखवला. आई रडली, रागावली, पण भावाचा फोन आला तेव्हा म्हणाली, “मला माहीत हाय.” या तीन शब्दांनी निम्मी हवा गेली. गावातल्या बातमीचं बळ मजकुरात नसतं, घरच्यांना ती बाहेरून कळण्यात असतं. बाप भडकतो तो मेसेजवर कमी आणि ‘लोकांनी मला सांगितलं’ यावर जास्त. फोन पंधरा दिवस तिच्याकडे नव्हता, हेही खरं आहे. अभ्यासिका मात्र सुटली नाही.

इथं थोडं तांत्रिक बोलते, कारण यात फार गैरसमज आहेत. आपोआप नाहीसे होणारे मेसेज तुमच्या नंतर दिसत नाहीत, पण तोवर त्यांचा स्क्रीनशॉट निघतो. एकदाच बघता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप अडवतं, पण साध्या लिहिलेल्या मजकुराला ती सोय नाही, आणि दुसऱ्या फोननं फोटो काढायला कोण अडवणार? ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं की तिथं डिलीट केल्याची खूण राहते, आणि त्या खुणेवर लोक मूळ मजकुरापेक्षा भयंकर काहीतरी कल्पून घेतात. त्यामुळे पहिलं विचारणं तोंडी करावं, असं माझं मत आहे. चार लोक दिसतील अशा जागी, चहाच्या टपरीवर, नाहीतर फोनवर. आणि लिहायचंच असेल, तर आई मोठ्यानं वाचेल हे धरून लिहा. मैत्रिणीचा मेसेज या परीक्षेत पास झाला म्हणून ती उभी राहू शकली.

कुणी ‘स्क्रीनशॉट घरी दाखवीन’ म्हणून पैसे, फोटो किंवा भेट मागितली, तर ती आता चेष्टा नाही. भारतीय न्याय संहितेत धमकीला ३५१ आणि खंडणीला ३०८ हे कलम आहे. अशा वेळी घाबरून चॅट पुसू नका, त्याचा नंबर आणि वेळ दिसेल असं जपून ठेवा. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे, ऑनलाइन तक्रारीला cybercrime.gov.in आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, एवढं सगळं असेल तर कशाला विचारायचं, कुणाकडून तरी सुचवून घ्यावं. तसं करणाऱ्या खूप आहेत. मैत्रिणीच्या भावाला सांगायचं, त्यानं त्याच्या आईला, आईनं सोयऱ्याला. यात धोका कमी वाटतो, पण माहिती चार लोकांकडे जाते आणि उत्तर कुणाचं आहे ते कळत नाही. मुलगा नको म्हणाला, की त्याच्या आईला आडनाव नको होतं? रुक्मिणीनंही माध्यम वापरलं होतं, पण निरोप तिचा होता, शब्द तिचे होते आणि ब्राह्मणाला त्यात भर घालायची मुभा नव्हती. शिवाय भावानं पाठलाग केला आणि हरला, तेव्हा कृष्णानं त्याला मारू नये म्हणून मध्ये पडली तीच. कृष्णानं त्याचे केस भादरून सोडून दिलं. रुक्मी लाजेनं परत कुंडिनपूरला गेला नाही, त्यानं भोजकट नावाचं वेगळं गाव वसवलं. पोथी हातात देणाऱ्या काकूंनी हाही भाग वाचला असेलच.

आणि वाचणाऱ्या मुलांनो, तुमच्यासाठी वेगळं प्रवचन नाही. तुम्हाला असा मेसेज आला, तर दोन ओळींचं काम आहे: “सरळ विचारलंस, बरं वाटलं. माझ्या मनात तसं नाही.” किंवा आहे, असं. त्याच दिवशी पाठवा, तीन दिवस निळ्या टिकांवर लटकवत ठेवू नका, आणि मित्राला फोन दाखवण्याआधी तो खिशात घाला.

माझ्या बायोडेटातला नंबर तसाच आहे. मागच्या रविवारी एका मुलाचा स्वतःचा फोन आला. आईला विचारून करतोय, म्हणाला. मग मीच पहिला प्रश्न विचारला.