सुरमई की बांगडा? गरोदरपणात मासे खाताना पाऱ्याचा हिशेब कसा करायचा

सातारा आणि सांगलीला समुद्र नाही, पण समुद्राची मासळी रोज येते. रत्नागिरी, चिपळूणकडून बर्फात भरलेली मासळी घाट चढून कराड, सातारा, सांगली, मिरजेच्या बाजारात पोहोचते. सोबत धरणातले आणि तळ्यातले रोहू, कटला, चिलापी असतातच. घरात कुणी गरोदर असेल तर प्रश्न ठरलेला असतो: मासे द्यायचे की बंद करायचे?

इंटरनेटवर शोधलं की गोंधळ आणखी वाढतो. एका ठिकाणी लिहिलेलं असतं, 'मॅकरेल खाऊ नका'. दुसऱ्या ठिकाणी असतं, 'मॅकरेल उत्तम'. दोन्ही बरोबर आहे, कारण हे दोन वेगळे मासे आहेत.

नावाचा घोळ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, गरोदर महिलांना टाळायला सांगितलेल्या माशांत 'किंग मॅकरेल' आहे. हा अटलांटिक महासागरातला मोठा शिकारी मासा. आपली सुरमई त्याच कुळातली, जणू त्याची चुलत बहीण. आपल्याकडे इंग्रजीत तिला किंगफिश किंवा किंग मॅकरेल म्हणतात.

'इंडियन मॅकरेल' म्हणजे मात्र आपला बांगडा. तो लहान असतो, पाण्यातले बारीक जीव खातो आणि फार वर्षं जगत नाही. नावात मॅकरेल असलं तरी पाऱ्याच्या बाबतीत बांगडा आणि सुरमई यांची गणती एकत्र होत नाही.

मोठ्या माशात पारा जास्त का?

कोळसा जाळल्याने, खाणींमुळे आणि काही कारखान्यांमुळे पारा हवेत आणि पाण्यात जातो. पाण्याच्या तळाशी असलेले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. ते आधी बारीक जिवांत शिरतं, तिथून लहान माशांत आणि लहान माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून सरळ नियम असा: मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका त्यात पारा जास्त.

आईच्या रक्तातलं मिथाइल मर्क्युरी वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त आढळतं. बाळाचा मेंदू त्या वेळी घडत असतो, त्यामुळे काळजी मुख्यतः त्याचीच आहे. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये याचं भीषण रूप समोर आलं. तिथे कारखान्याचा पारा खाडीत सोडला जात होता आणि तिथले मासे खाणाऱ्या काही आयांना फारसा त्रास नसतानाही त्यांची बाळं गंभीर आजार घेऊन जन्मली. बाजारातल्या माशांत पाऱ्याचं प्रमाण त्या तुलनेत खूपच कमी असतं, पण बाळापर्यंत पोहोचण्याची वाट तीच असते.

हिशेब करून बघू

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या तज्ज्ञ समितीने मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. ५५ किलो वजनाच्या महिलेसाठी ती होते ८८ मायक्रोग्रॅम.

आता १५० ग्रॅम मासा धरू, म्हणजे साधारण दोन तुकडे. एफडीएच्या तपासणीत किंग मॅकरेलमध्ये सरासरी दर ग्रॅमला ०.७३ मायक्रोग्रॅम पारा आढळला. म्हणजे एका जेवणात सुमारे ११० मायक्रोग्रॅम. आठवड्याची मर्यादा एकाच ताटात ओलांडली. त्याच तपासणीत सार्डिनमध्ये, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाईंमध्ये, हे प्रमाण ०.०१३ होतं. तेवढ्याच माशातून पोटात जाणारा पारा जेमतेम २ मायक्रोग्रॅम.

किंग मॅकरेलचा हा आकडा अमेरिकेतल्या माशाचा आहे, तो आपल्या सुरमईला जसाच्या तसा लागू होत नाही. लहान सुरमईत पारा कमी असतो, मोठ्या सुरमईत जास्त. त्यामुळे गरोदरपणात मोठ्या सुरमईचे जाड काप रोजच्या जेवणात नकोत.

मग काय घ्यायचं?

बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी, रोहू, कटला आणि चिलापी हे गरोदरपणात चांगले पर्याय आहेत. एफडीएचा सल्ला आठवड्यातून दोन ते तीन वेळा, मिळून २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाण्याचा आहे.

टाळायचे मासे म्हणजे मोरी किंवा मुशी (शार्क), तलवार मासा, मार्लिन आणि मोठा ट्यूना. यातल्या मोरीकडे विशेष लक्ष द्यायला हवं. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पण पारा टाळण्याचा सल्ला स्तनपान देणाऱ्या आईलाही लागू होतो. त्याऐवजी बांगडा किंवा बोंबील देता येतो.

मासे पूर्ण बंद करणं हाही उपाय नाही. त्यातून प्रथिनं, आयोडीन आणि बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ मिळतं. २००१ मध्ये अमेरिकेत पाऱ्याचा इशारा आल्यावर अनेक गरोदर महिलांनी मासे खाणंच कमी केलं. त्यामुळे नंतरच्या सल्ल्यांमध्ये काय खावं, यावरही तितकाच भर आला.

शिजवल्यावर पारा जातो का?

नाही. मिथाइल मर्क्युरी माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. कातडी काढून, लिंबू-कोकम लावून, उकळून किंवा तळून ते निघत नाही. उलट शिजताना पाणी उडून जातं, त्यामुळे शिजलेल्या प्रत्येक ग्रॅममागे प्रमाण थोडं वाढतंच. पाऱ्यावर एकच उपाय आहे: मासा कोणता आणि किती खायचा, हे आधी ठरवणं.

तरीही गरोदरपणात मासा पूर्ण शिजलेलाच हवा, कारण कच्च्या माशाचा धोका वेगळा आहे. त्यात लिस्टेरियासारखे जिवाणू आणि परजीवी असू शकतात. लिस्टेरियाचा संसर्ग गरोदरपणात जास्त सहज होतो आणि त्यातून गर्भपात किंवा वेळेआधी प्रसूती होऊ शकते. म्हणून कच्च्या माशाची सुशी, न शिजवलेला स्मोक्ड मासा आणि कच्ची कालवं नकोत.

घरात चूक होते ती रवा फ्रायमध्ये. आच मोठी असली की वरचा रवा कुरकुरीत होतो आणि काट्याजवळ मासा कच्चा राहतो. तुकडा मोडून बघावा. मांस पारदर्शक न दिसता पांढरं दिसलं आणि पाकळ्यांसारखं सुटलं, तर तो शिजला. शिजल्यावरही तोंड न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्याव्यात.

आणि कृष्णेतले मासे?

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. असे मासे बहुतेकदा सांडपाण्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपल्याने मरतात. पारा मात्र असा दिसत नाही. पारा असलेला मासा ताजा, लालसर कल्ल्यांचा आणि घट्टच असतो. त्यामुळे ताजेपणा बघून पारा ओळखता येत नाही आणि मेलेले तरंगणारे मासे पारा कमी असला तरी खाण्यालायक नसतात.

एखादवेळी सुरमईचा तुकडा खाल्ला गेला तर घाबरायचं कारण नाही. शरीरातला पारा हळूहळू कमी होतो, साधारण ५० दिवसांत निम्मा. पण याचाच दुसरा अर्थ असा की मूल हवं असेल, तर मासे निवडण्याची सवय गरोदर राहण्याच्या काही महिने आधीच लावून घेतलेली बरी.