परवानगीचा अर्ज

परवा रविवारी डिचोलीहून आमची भाची आली ती हिरमुसल्या चेहऱ्यानेच. पेडणे तालुक्यात तुये येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधकारखान्यात ती गुणवत्ता-तपासणीचे काम पाहते. गोळ्यांच्या वेष्टनाविषयी मुंबईस गोरेगावला दोन दिवसांची परिषद भरावयाची होती. तिला जाण्याची परवानगी हवी होती. पण अर्ज परत आला. कडेला शेरा होता : ‘खर्च किती? लाभ कोणता? मागे काम कोण पाहणार?’

“मामा, शिकू पाहणाऱ्याची यांना किंमतच नाही,” ती म्हणाली.

मी अर्ज वाचला. ‘ज्ञानात भर पडेल, नव्या ओळखी होतील,’ एवढेच त्यात होते. उभा जन्म कचेरीत काढलेल्या मलाही तेच तीन प्रश्न पडले असते. मी म्हटले, “अर्ज राहू दे. तुला तिथे नेमके काय पाहायचे आहे, ते आधी सांग.”

मग तिची कळी खुलली. गोळ्यांच्या पट्टीला बारीक छिद्र राहिले, तर आपल्याकडच्या पावसाळी हवेतला ओलावा आत शिरून गोळी बिघडते. म्हणून काही पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून भांड्यातील हवा काढून घेतात. हवा पुन्हा आत सोडली, की छिद्रातून रंग शिरतो व गोळीवर डाग दिसतो. परंतु तपासलेली पट्टी निर्दोष असली तरी टाकूनच द्यावी लागते. गेल्या पावसाळ्यात याच दोषापायी दोन घाणे अडकून पडले होते. पट्टी न बिघडवता छिद्र शोधणारी यंत्रे या परिषदेत मांडली जाणार होती.

“हे अर्जात का नाही?” मी विचारले. ती गप्प राहिली.

आम्ही कागद घेऊन बसलो. दोन यंत्रे, दोन पाळ्या, पाळीत चार तपासण्या, प्रत्येक वेळी १० पट्ट्या; म्हणजे दिवसाला १६० आणि २५ दिवसांच्या महिन्यात ४,००० पट्ट्या. तिच्या हिशेबाने पट्टीला ६ रुपये धरले, तर २४,००० रुपयांचा माल महिन्याला टाकला जातो. तिने लगेच लिहिले, ‘दरमहा २४,००० रुपये वाचतील.’ मी ते खोडावयास लावले. नवे यंत्र आधी जुन्या पद्धतीच्या जोडीने चालवून पारखावे लागते, बदलास रीतसर मंजुरी लागते, आणि यंत्राची किंमतही असते. परिषदेहून परतलेला माणूस बचत आणीत नाही. निर्णयाला लागणारी माहिती आणतो. म्हणून तिने तीनच गोष्टींचे वचन दिले : किती बारीक छिद्र यंत्राला सापडते, ताशी किती पट्ट्या तपासून होतात व त्याची किंमत काय, हे सात दिवसांत लेखी देईन, आणि विभागातील सहाजणांना तासभर समजावून सांगेन.

नंतर खर्च. शुल्क ८,००० व त्यावर १८ टक्के कर १,४४० मिळून ९,४४०. कोकणकन्येचे जाण्यायेण्याचे भाडे २,३००. एका रात्रीचा मुक्काम करासह ३,८००. वरचे खाणेपिणे १,०००. मुंबईतील प्रवास ६००. एकूण १७,१४० रुपये. मुक्काम एकच, कारण पेडण्याला रात्री गाडीत बसले की पहाटे दादरला उतरून लोकलने गोरेगाव गाठता येते, आणि परतीचीही रात्र गाडीतच जाते. दुपारचे जेवण शुल्कातच होते. ते पुन्हा मांडले असते, तर साऱ्या हिशेबावरचा विश्वास उडाला असता. आणखी एक खाचखळगा असा, की मुंबईच्या हॉटेलवरील कर महाराष्ट्राचा. केवळ गोव्यात नोंदणी असलेल्या कारखान्याला त्याची वजावट मिळत नाही. तेव्हा तो खर्चातच धरावा, आणि शुल्कावरील कराचे काय ते हिशेबनिसांना आधी विचारावे. ठरल्या तारखेनंतर शुल्क करासह २,३६० रुपयांनी वाढणार होते. ती तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत घातली. उत्तर लवकर येण्यास याहून चांगले कारण नसते.

राहिला तिसरा प्रश्न. दोन दिवस तिच्या कागदांवर सही कोण करणार, हे त्या सहकाऱ्याशी बोलून, त्याच्या संमतीने लिहिले.

नमुन्यादाखल आपल्या पट्ट्या यंत्रावर तपासून आणाव्यात, अशी तिची इच्छा होती. मी म्हटले, “ते वेगळे विचार. कारखान्याचा माल बाहेर नेणे ही निराळी परवानगी आहे.”

आठवड्याने तिचा फोन आला. परवानगी मिळाली, पट्ट्या मात्र औषध नसलेल्या गोळ्यांच्या, कोऱ्या वेष्टनातल्याच न्याव्यात, अशी अट होती. “त्यांनी अर्ज पुरता वाचला, मामा,” ती म्हणाली. पहिल्या वेळीही त्यांनी वाचलाच होता. पण तेव्हा त्यात वाचण्याजोगे काही नव्हते, हे मी तिला सांगितले नाही. तिला ते कळून चुकले होते.