काळा की करडा?

रात्री दिवा मालवून मोबाईलवर वाचताना पान सरकवले, की अक्षरांमागे जांभळट ओघळ दिसतो, अशी आमच्या वहिनींची तक्रार होती. दोष डोळ्यांचा नव्हता. ओएलईडी पडद्यावर निखळ काळ्या जागेतील प्रकाशबिंदू पूर्ण विझलेले असतात. पडद्याचा उजेड मंद असला, की ते पुन्हा पेटताना किंचित मागे राहतात. त्यातही सारे रंग एकदम पेटत नाहीत, म्हणून ती जांभळी छटा. गडद करड्या पार्श्वभूमीवर बिंदू मिणमिणतेच राहतात. वहिनींनी ती निवडली आणि ओघळ जवळजवळ नाहीसा झाला. पांढऱ्या अक्षरांचा झगझगाटही निवळला. बॅटरीची खरी बचत पांढरे पान सोडण्यात आहे; काळ्या-करड्यातला फरक अगदी थोडा. सतत तेवणाऱ्या स्थिर घड्याळाला मात्र निखळ काळाच बरा.