विमानातील कोरडी हवा आणि तीस ग्रॅमची ट्यूब



आमच्या वहिनींचे वय चौऱ्याहत्तर. नवी पेठेतील कापडाच्या दुकानामागे त्यांचे सारे आयुष्य गेले. गेली कित्येक वर्षे त्या चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्या प्रथमच न्यू जर्सीला लेकीकडे गेल्या. उतरल्या तेव्हा ओठ फुटून रक्त आलेले, नडग्यांना खाज सुटलेली आणि हातांच्या पाठी राख फासल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या. लेकीने आणि जावयाने तत्काळ निदान केले, "रात्रभर पाणी प्यायला नाहीत, म्हणून झाले." यंदा पुन्हा जाण्याचे ठरले, तेव्हा मुलाने अट घातली की विमानापुरता नियम बाजूला ठेवायचा. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हिशेबी माणूस. खरेच का माझ्या नियमामुळे कातडी फुटली?"

मी वैद्य नव्हे. परंतु आमच्या परिचयातील त्वचारोगतज्ज्ञांना विचारले, थोडे वाचन केले, आणि जे हाती आले ते त्यांना सांगितले तसेच येथे मांडतो.

विमान तीस-चाळीस हजार फुटांवरून उडत असते. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपासची थंडी असते आणि त्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. तीच हवा आत घेऊन, उबदार करून प्रवाशांना पुरविली जाते. त्या हवेत ओलावा मिळतो तो मुख्यत्वे प्रवाशांच्या श्वासातून आणि अंगातून. म्हणून लांबच्या प्रवासात केबिनची सापेक्ष आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली जाते. कधी दहाच्या जवळपासही पोहोचते. कोरडी हवा आपणा सोलापूरकरांना नवी नाही. मात्र वैशाखातील दुपारी घाम सुटतो, घसा सुकतो, आपण सावध होतो. विमानात हवा गार असते, त्यामुळे कोरडेपणाची जाणीवच होत नाही. सात-आठ तासांनंतर ओठांवरून जीभ फिरविली की कळते.

आता त्वचेकडे वळू. तिचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर आतला ओलावा हळूहळूच बाहेर पडतो. वयोमानाने त्वचेतील स्निग्धता कमी होते, साबणाने ती आणखी धुतली जाते आणि भिंतीला फटी पडतात. कोरडी हवा त्या फटींतून पाणी ओढून घेते. म्हणजे नुकसान होते ते बाहेरून, वरच्या थराचे. निरोगी माणसाने विमानात चार पेले पाणी अधिक प्यायले, तरी ते या थरापर्यंत पोहोचून त्याला मऊ करते असे नाही. घशाला बरे वाटते, एवढेच. वहिनींचे ओठ फुटले ते चौविहारामुळे नव्हे, तर वरची भिंत उघडी राहिल्यामुळे.

तरीही एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ज्यांना मूत्रल गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांच्यासाठी इतके तास पाण्यावाचून राहणे हा त्वचेचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न आहे. तो आपल्या डॉक्टरांसमोर निघण्यापूर्वीच ठेवावा. वहिनींना असा काही विकार नाही. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी उतरणारे विमान पश्चिमेकडे, म्हणजे रात्रीच्या सोबतीने जाते. हिवाळ्यात तर पंधरा-सोळा तासांचा बहुतेक प्रवास अंधारातच होतो. त्यामुळे नियमाचे काय करावे, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा. फुटलेल्या ओठांचे खापर मात्र नियमावर फोडू नये, एवढेच मी त्यांच्या मुलाला सांगितले.

मागच्या वेळी प्रत्यक्षात काय घडले, ते मग उलगडले. वहिनींनी घरी गुलाबपाणी आणि ग्लिसरीन मिसळून दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत भरले होते. बाटलीत जेमतेम चौथा हिस्सा ऐवज शिल्लक होता. तरी सुरक्षा तपासणीत ती काढून घेण्यात आली. "पन्नास मिलिलिटरही नव्हते हो त्यात," असे त्या आजही सांगतात. येथेच पुष्कळांची गफलत होते. नियम आतील ऐवजाचा नाही, पात्राच्या क्षमतेचा आहे. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठे पात्र आतून रिकामे असल्यासारखे असले तरी चालत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, तेव्हापासून हे निर्बंध आले. अशी सर्व छोटी पात्रे एक लिटरच्या, पुन्हा बंद करता येणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत बसली पाहिजेत. ही पिशवी साधारण वीस सेंटिमीटर लांब-रुंद असते आणि दर प्रवाशाला एकच. क्रीम, जेल, मलम, टूथपेस्ट, तेल हे सारे द्रवातच मोडते. थंडीत थिजलेले खोबरेल तेल घट्ट दिसते म्हणून सुटेल, असे समजू नये. साबणाची वडी मात्र द्रवात धरली जात नाही.

अलीकडे काही विमानतळांवर नवी तपासणी यंत्रे आल्याने हे निर्बंध सैल झाले आहेत, असे प्रवासी सांगतात. पण विमान बदलायचे असेल तर मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होऊ शकते, आणि परतीच्या वाटेवरचा विमानतळ निराळाच असतो. वाटेवरील सर्वांत कडक ठिकाण गृहीत धरून पिशवी भरावी.

बाटली गेल्यावर वहिनींनी काय केले? नातीने दिलेला गुलाबपाण्याचा छोटा फवारा दर तासाला तोंडावर मारला. गार वाटले, म्हणून पुन्हा मारला. नुसते पाणी कोरड्या हवेत क्षणात उडून जाते आणि त्वचा पूर्वीइतकीच किंवा अधिक कोरडी राहते. त्यात जेवणापूर्वी दोनदा साबणाने तोंड धुतले. बाटली राहिली असती तरी फार लाभ झाला नसता. ग्लिसरीन ओलावा ओढून घेते. भोवतालच्या हवेत ओलावा नसेल तर ते त्वचेच्या आतल्या थरातून ओढू लागते. त्यावर स्निग्ध पदार्थाचा लेप असला पाहिजे, म्हणजे ओढलेले पाणी आत अडकून राहते. साध्या क्रीममध्ये दोन्ही असतात, आणि ओठांसाठी पेट्रोलियम जेली उत्तम. ती खनिज तेलापासून बनते, म्हणून आपणा जैनांनाही तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

शंका इतरत्र घ्यावी लागते. सुनेने आणलेल्या सुबक लिप बाममध्ये मधमाशांचे मेण निघाले. वेष्टनावर ते 'सेरा अल्बा' अशा नावाने लिहिलेले असते. 'लॅनोलिन' हे मेंढीच्या लोकरीतील मेण. 'कार्माइन' हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. साबणात 'टॅलोएट' शब्द दिसला तर ती प्राण्यांची चरबी. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल यांचे मूळ वनस्पतींचेही असू शकते आणि प्राण्यांचेही, ते नावावरून कळत नाही. आपल्याकडील काही वेष्टनांवर हिरवा ठिपका असतो, तो पाहावा. नसेल आणि 'वनस्पतीजन्य' असा स्पष्ट उल्लेखही नसेल, तर दुसरी वस्तू घ्यावी. परदेशातील दुकानात 'व्हेगन' असे छापलेले शोधावे. याच कारणास्तव क्रीम घरच्या डबीत काढून नेण्याऐवजी मूळ छोट्या ट्यूबमध्येच न्यावे, असे माझे मत आहे. घटकांची यादी जवळ राहते, आणि पात्राची क्षमताही छापलेली असते, म्हणून तपासणीत वाद होत नाही.

आता किती न्यावे? वहिनींचा आग्रह शंभर मिलिलिटरच्या चार ट्यूबांचा होता. मी कागद घेऊन हिशेब मांडला. त्वचारोगतज्ज्ञांचे एक साधे माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून क्रीमची रेघ काढली, की ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते. चेहरा आणि मान यांना अशी अडीच मापे लागतात, आणि दोन्ही हातांना पुढून-मागून मिळून दोन. एकूण साडेचार मापे, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. विमानात तीनदा लावले तर सात ग्रॅमच्या आत, आणि जाऊन-येऊन चौदा. नडग्यांना व पावलांना विमानात बसल्या जागी लावणे अवघड; त्यांचे काम निघण्यापूर्वीच उरकायचे. म्हणजे तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्येही निम्मे उरते. नवी पेठेतील औषधाच्या दुकानातून तीस ग्रॅमची सुगंधविरहित क्रीमची एक ट्यूब आणि पेट्रोलियम जेलीची एक लहान डबी, एवढीच खरेदी झाली. वहिनींना ती इतकी थोडी वाटली की त्यांनी दुकानदाराला दोनदा विचारले.

क्रम असा ठरविला. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी मुंबईला पोहोचायचे आणि भाचीकडे उतरायचे. सूर्यास्तापूर्वी कोमट पाण्याने स्नान करायचे, साबण फक्त आवश्यक तेथेच. टॉवेलने अंग टिपून, ते किंचित ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत सर्वांगाला, विशेषतः नडग्यांना आणि टाचांना, मोठ्या डब्यातील क्रीम लावायचे; तो डबा चेक-इनच्या सामानात जातो. वर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मोजे. विमान उडाल्यावर डोक्यावरचा हवेचा झोत चेहऱ्यावरून बाजूला वळवायचा. पहिल्या तासात एकदा, मध्यावर एकदा आणि उतरण्यापूर्वी एकदा क्रीम. ओठांना जेली वाटेल तेव्हा. तोंड साबणाने धुवायचे नाही आणि अल्कोहोल असलेले ओले कागदही वापरायचे नाहीत. हात धुतले की लगेच थोडे क्रीम लावायचे.

एक बारीक सूचना मुलाने ऐकली नाही, म्हणून येथे देतो. केबिनमधील हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका उतरतो. अर्ध्या रिकाम्या ट्यूबमधील हवा त्यामुळे फुगते आणि झाकण उघडताच क्रीम उसळते. ट्यूब दाबून आतली हवा आधीच काढून टाकावी आणि पिशवीतच, तोंड दुसरीकडे करून उघडावी. त्याच्या शर्टावर डाग पडला.

ज्यांना इसब किंवा सोरायसिस आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेले मलम चिठ्ठीसह हाताशी ठेवावे; औषधांना शंभर मिलिलिटरच्या मर्यादेतून सवलत मिळते, परंतु तपासणीच्या वेळी ते वेगळे काढून दाखवावे लागते. प्रवासानंतर दोन-तीन दिवसांत खाज थांबली नाही, किंवा भेगांतून पाणी येऊ लागले, तर तो निव्वळ कोरडेपणा नव्हे. तेथे क्रीम चोळत बसू नये, दाखवावे.

वहिनी उतरल्या त्या दिवशी लेकीने फोन केला. ओठ ठीक होते, नडग्यांना खाज नव्हती. डाव्या हाताची दोन बोटे मात्र कोरडी पडली होती. झोप लागल्यामुळे मधली वेळ हुकली होती. चौविहार त्यांनी कसा पाळला, हे मी विचारले नाही. ट्यूबमध्ये निम्म्याहून अधिक क्रीम शिल्लक आहे आणि ते परतीला पुरेल, एवढे मात्र त्यांनी आवर्जून कळविले.