थायरॉइड आणि बाजरीची भाकरी

थंडी पडली की बमरोलीतल्या आपल्या खानदेशी घरांत बाजरीची भाकरी होतेच. पण कुणाचा थायरॉइड कमी निघाला की आधी कोबी, फ्लॉवर आणि बाजरीच बंद होते. गरज असते का?

कच्चा कोबी चिरला की त्यातल्या एका एन्झाइममुळे थायरॉइडला आयोडीन घेण्यापासून अडवणारी द्रव्ये तयार होतात. शिजवल्यावर ते एन्झाइम बरेचसे निकामी होते, म्हणून भाजी खुशाल खावी. अमेरिकेत ८८ वर्षांच्या एका आजींना कच्ची बोकचोय (कोबीच्याच कुळातली चिनी भाजी) चांगलीच बाधल्याची २०१० मधली नोंद आहे. पण त्या रोज किलो-दीड किलो खात, तेही महिनोन्‌महिने!

बाजरीचे वेगळे. तिच्यातली द्रव्ये भाजून जात नाहीत. सुदानच्या दारफुर भागातल्या गलगंडाचा संबंध बाजरीशी जोडला गेला, पण तिथे बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन अपुरे. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल, तर थंडीतल्या भाकरीला घाबरायला नको. शिवाय गोळी घेणाऱ्याला हॉर्मोन गोळीतूनच मिळते.

ती गोळी मात्र उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. टीएसएच वाढला तर भाकरीआधी हे तपासा.